जूनअखेरीला ट्रॉम्सोला जाताय? आधी झोपेचं बघा

प्रश्न: जूनच्या शेवटी आई-बाबा आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याहून नॉर्वेतल्या ट्रॉम्सो आणि लोफोतेनला जातोय. तिथे रात्र होतच नाही म्हणे. झोपेचं काय होतं आणि रोजचा प्लॅन कसा ठरवायचा?

मी ट्रॉम्सोत राहते आणि दर उन्हाळ्यात माझ्याकडे महाराष्ट्रातून पाहुणे येतात. इथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. पण पहिल्या तीन रात्रींचा त्रास वेगळा असतो आणि त्यानंतरचा वेगळा. दोन्हींवरचे उपायही उलट आहेत.

उन्हाळ्यात भारताचं घड्याळ नॉर्वेच्या साडेतीन तास पुढे असतं. घरी अकराला झोपून साडेसहाला उठत असाल, तर इथे संध्याकाळी साडेसातलाच डोळे मिटायला लागतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. एरवी पहाटे अंधार असतो, माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. इथे पडद्याच्या फटीतून लख्ख ऊन येतं. आई-बाबा उठून चहा ठेवतात, खिडकीत बसतात, आणि नेमकं तेच नडतं. डोळ्यांत शिरणारा उजेड मेंदूतल्या घड्याळाला वेळ सांगत असतो. झोपेच्या पूर्वार्धात पडलेला उजेड ते घड्याळ मागे ढकलतो, उत्तरार्धातला पुढे. तुम्हाला ते मागे न्यायचंय, म्हणून पहाटे तीनचं ऊन उलट काम करतं आणि शरीर पुण्याच्याच वेळेला चिकटून राहतं.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवशी संध्याकाळी सात ते दहा सगळ्यांनी बाहेर उजेडात फिरा, बंदरावर चक्कर मारा. पहाटे जाग आली तरी सहापर्यंत पडदा उघडायचा नाही, मोबाइल बघायचा नाही, अंधारात नुसतं पडून राहायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी रुळावर येते आणि लगेच दुसऱ्या टोकाला सरकायला लागते. रात्री अकरालाही ऊन असल्यामुळे थकवा जाणवत नाही, पोरं खेळत राहतात, जेवण दहाला होतं आणि झोपायला दोन वाजतात. मग हॉटेलचा नाश्ता चुकतो आणि चेक-आउटची धावपळ होते. आता संध्याकाळचा उजेड कमी करायचा. साडेनऊला पडदे ओढा, मुलीची आंघोळ आणि गोष्ट बंद खोलीत होऊ द्या, आणि सकाळी आठला सगळे बाहेर पडा. जेवणाच्या वेळा मात्र घड्याळानेच पाळा. माझ्या सासूबाई इथे आल्या की सात वाजता घड्याळ बघून देवापुढे दिवा लावतात. बाहेर ऊन रणरणत असतं, पण आता दिवस संपत आला हे नातवाला त्यावरून बरोबर कळतं.

खोली किती अंधारी हवी? दार-खिडकी लावून दोन मिनिटं थांबा, मग चेहऱ्यासमोर हात धरा. बोटं मोजता येत असतील तर उजेड जास्त आहे. ट्रॉम्सोच्या बऱ्याच हॉटेलांत जाड पडदे असतात. लोफोतेनमधल्या 'रोर्बू', म्हणजे कोळ्यांच्या जुन्या लाकडी खोल्यांमध्ये, बऱ्याचदा पातळ असतात. कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे, अॅल्युमिनियम फॉइल आणि प्रत्येकाला डोळ्यांवरची पट्टी बॅगेत टाका. चिमट्यांनी दोन पडद्यांच्या कडा एकमेकींना घट्ट जोडता येतात, आणि खरा उजेड फटींतूनच येतो.

मध्यरात्रीचा सूर्य बघायची रात्र एकच ठेवा, तिसरी किंवा चौथी. त्या दिवशी दुपारी सगळ्यांना अंधारात दोनेक तास झोपवा. सूर्य सर्वांत खाली बरोबर बाराला नसतो: ट्रॉम्सोत पाऊण वाजता, लोफोतेनमध्ये एकच्या सुमारास. तेव्हा तो थेट उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेला समुद्र मोकळा हवा. लोफोतेनमध्ये एग्गुम किंवा उताक्लेवचा किनारा त्यासाठी उत्तम. स्वॉल्व्हेर आणि रायने दक्षिणेकडच्या बाजूला आहेत, तिथे डोंगर आड येतात. परतताना गॉगल लावा, आणि दुसऱ्या दिवशी फार तर नऊपर्यंत झोपा. बारापर्यंत लोळलात तर पुढच्या सगळ्या रात्री बिघडतात.

एक गोष्ट मी पाहुण्यांना बजावून सांगते: त्या रात्रीनंतरच्या सकाळी लांबची ड्रायव्हिंग ठेवायची नाही. ट्रॉम्सो ते स्वॉल्व्हेर चारशे किलोमीटरहून जास्त, सहा तासांच्या वरचा रस्ता आहे. उन्हात माणूस ताजातवाना वाटतो, म्हणून गाडी चालवणाऱ्याला डुलकी येतेय हे शेजारच्यालाही कळत नाही. 'उजेड आहे तर रात्रीच निघू' हा विचार तर करूच नका. फेरी आणि बसचं वेळापत्रक सूर्यावर चालत नाही, आणि रविवारी बरीच मोठी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारीच दूध, ब्रेड, फळं भरून ठेवा.

आणि मुलीला नॉर्दर्न लाइट्सचं वचन दिलं असेल तर आत्ताच समजावून सांगा. जूनमध्ये आकाश अंधारतच नसल्याने ते दिसत नाहीत. त्यासाठी ऑगस्टअखेरीनंतर यावं लागतं.