गर्दीच्या आठवड्यांतली रजा आधीच कशी मागावी?

"आमच्या विभागात नऊ जण आहोत. सुट्ट्यांच्या दिवसांत सगळ्यांनाच रजा हवी असते, आणि दोन वर्षं माझीच नामंजूर झाली. वीस दिवस आधी अर्ज करूनही 'जागा नाही' असं उत्तर मिळतं. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या रजा मागून ठेवल्या, तर कामचुकार म्हणतील अशी भीती वाटते. साहेबांचा माझ्यावर राग आहे का, हेही कळत नाही."

साहेबांच्या रागाचा अंदाज बांधण्याआधी आपण विभागाचं गणित कागदावर मांडलं. हिशेब विभाग, माणसं 9. काम चालायला रोज किमान 6 जण हजर हवेत, म्हणजे एका वेळी 3 जण रजेवर जाऊ शकतात. पण शहाणा व्यवस्थापक त्यातली एक जागा अचानक आजारी पडणाऱ्यासाठी राखून ठेवतो. मंजूर करायला उरतात 2 जागा. वर्षाअखेरच्या दोन आठवड्यांत कामाचे 10 दिवस. त्यातल्या 2 दिवशी कार्यालयालाच सुट्टी, उरले 8. रोज 2 जण धरले तर या पंधरवड्यात सगळ्यांत मिळून 16 दिवसांची रजा देता येते. मागणी होती 6 जणांची, प्रत्येकी 4 दिवस, म्हणजे 24. कोणीही साहेब असला तरी 8 दिवस नाकारले जाणारच होते, आणि तुमचा अर्ज पोहोचला तेव्हा 16 भरले होते.

ही गर्दी दरवर्षी त्याच ठिकाणी का होते, याचंही कारण आहे. शिल्लक रजा पुढच्या वर्षात नेता येत नसेल तर ती बुडते. मग वर्षभर न घेतलेल्या रजा लोक शेवटच्या दोन महिन्यांत संपवायला काढतात, आणि शाळांच्या सुट्ट्या व लग्नं त्यातच येतात. म्हणून आराखडा करण्याआधी मागच्या वर्षाचं रजेचं वेळापत्रक मागून घ्यायचं. कोणते आठवडे तुडुंब होते आणि कोणते रिकामे, ते त्यात दिसतं. या विभागात मुलांच्या सुट्टीचे मधले आठवडे भरलेले होते, पहिला आणि शेवटचा मात्र जवळजवळ मोकळा.

तुमच्या रजा होत्या 20. त्या सगळ्या आराखड्यात घालायच्या नाहीत. आजारपण, पाहुणे, अडीअडचण यासाठी 6 बाजूला ठेवल्या. उरलेल्या 14 चे तीन गट केले. भावाच्या लग्नाचे 3 दिवस ठरलेले, हलत नाहीत. मुलांबरोबरच्या सहलीचे 5 दिवस हलवता येतात, म्हणून त्यांना दोन पर्याय दिले: सुट्टीचा पहिला आठवडा, नाहीतर शेवटचा. उरलेले 6 दिवस सुटे, रिकाम्या आठवड्यांत, आणि महिनाअखेरचे ताळेबंदाचे दिवस टाळून. आराखड्यात गर्दीच्या आठवड्यांतले फक्त लग्नाचे 3 दिवस आले, तेव्हा कामचुकार म्हणायला जागा उरली नाही. उलट सगळ्याच रजा गर्दीच्या तारखांवर मागणाऱ्याचा आराखडा वरवर कितीही लवकर आलेला असला तरी साहेबांना पहिल्या नजरेत खटकतो.

यात एक गोष्ट आधी लक्षातच आली नव्हती. पुरवठादारांची बिलं मंजूर करायचं काम विभागात दोघींनाच येतं, तुम्हाला आणि शेजारच्या सहकारी बाईंना. त्यामुळे दोन जागा रिकाम्या असल्या तरी तुम्ही दोघी एकाच दिवशी जाऊ शकत नाही. दोघींनी एकमेकींना बदली म्हणून दाखवून एकाच आठवड्याची रजा मागितली, की दोन्ही अर्ज अडकतात आणि कोणाला कळतही नाही का. म्हणून आराखडा साहेबांकडे जाण्याआधी तो त्या बाईंना दाखवला. त्यांना वर्षाअखेरचे दिवस हवे होते, तुम्हाला लग्नाचे, टक्कर नव्हतीच. या एका संभाषणाने निम्मं काम झालं.

वेळेचं म्हणाल तर व्यवस्थापक पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ज्या महिन्यात पक्कं करतो, त्याच्या तीन-चार आठवडे आधी आराखडा त्याच्या हातात हवा. नंतर दिला तर तो इतरांच्या उरलेल्या जागांत बसवावा लागतो. फार आधी दिला तर सरकारी सुट्ट्यांची यादीच आलेली नसते आणि तारखा पुन्हा बदलाव्या लागतात. मेल अगदी साधा होता:

"पुढील वर्षाच्या रजांचा आराखडा सोबत आहे. लग्नाचे 3 दिवस बदलता येणार नाहीत. सहलीचे दोन पर्याय दिले आहेत, जो सोयीचा असेल तो कळवावा. त्या काळात बिलांचं काम कोण बघणार हे प्रत्येक तारखेपुढे लिहिलं आहे आणि त्यांच्याशी बोलणं झालं आहे. ताळेबंदाच्या तारखा टाळल्या आहेत. कृपया उत्तर मेलवरच द्यावं."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. "ठीक आहे, बघू" असं तोंडी उत्तर म्हणजे मंजुरी नव्हे. मेलवरचं उत्तरसुद्धा बहुतेक ठिकाणी फक्त तत्त्वतः होकार असतो. खरी मंजुरी रजेच्या प्रणालीत अर्ज केल्यावरच मिळते. इथल्या प्रणालीत 90 दिवसांपलीकडची तारीख निवडताच येत नव्हती. म्हणून प्रत्येक रजेसाठी अर्जाची तारीख उघडेल त्या दिवसाची आठवण फोनमध्ये लावली आणि अर्जाच्या शेऱ्यात जुन्या मेलची तारीख टाकली. तिकिटं मात्र ही मंजुरी येईपर्यंत परतावा मिळेल अशीच काढायची.

वर्ष सुरू झाल्यावर लग्नाचे 3 दिवस मंजूर झाले, सहलीचा दुसरा पर्याय मिळाला, आणि सुट्या दिवसांपैकी एक लेखापरीक्षणामुळे पुढे सरकला. मध्येच साहेब बदलले. नव्या माणसाला जुन्या कबुलीची काहीच कल्पना नव्हती. पहिल्याच आठवड्यात तोच मेल पुढे पाठवला म्हणून लग्नाची रजा वाचली. पुढे सहलीतले 2 दिवस लागणार नाहीत हे कळलं तेव्हा ते लगेच परत केले, नऊ जणांच्या विभागात असा रिकामा दिवस कोणीतरी लगेच उचलतं. तारखा अडवून ठेवून शेवटच्या क्षणी सोडणाऱ्याचा पुढच्या वर्षीचा आराखडा मग कोणी गांभीर्याने घेत नाही.

दुसऱ्या वर्षी एक अडचण आली. तुमचं पाहून आणखी चौघांनी आराखडे आधीच दिले, आणि लवकर देण्याचा फायदा संपला. वर्षाअखेरच्या 16 दिवसांसाठी सगळेच वेळेत हजर! अशा वेळी पहिल्या येणाऱ्याला प्राधान्य हा नियम टिकत नाही. ज्येष्ठतेनुसार वाटप असेल तर नव्यांना कधीच पाळी येत नाही, म्हणून आळीपाळीचा प्रस्ताव मांडला: ज्यांना मागच्या वर्षी वर्षाअखेर मिळाली, त्यांनी यंदा सुट्टीच्या दिवसांतला पर्याय आधी निवडायचा. साहेबांनी तो एका वर्षासाठी मान्य केला, आणि यंदाची यादी तुमच्या सहकारी बाईंच्या नावापासून सुरू होते.