बीपीच्या गोळीआधीची दोन मिनिटं

पोरी,

तुझी फार्माकॉलॉजीची वही वाचली. अक्षर सुरेख, तक्ते परीक्षेच्या कामाचे. पण सकाळच्या राउंडला पेशंट समोर येतो तेव्हा एकाच केस पेपरवर तीन वर्गांच्या गोळ्या असतात, आणि त्या एकमेकींच्या खुणा झाकून टाकतात. त्याच्याबद्दल वहीत काही दिसलं नाही, म्हणून हे लिहितेय.

एक पेशंट सांगते. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. बासष्ट वर्षांची बाई पातळ संडास आणि अशक्तपणा म्हणून रात्री आपल्या ग्रामीण रुग्णालयात भरती झाली. बीपीच्या घरच्या गोळ्या रात्रीच्या डॉक्टरांनी तशाच पुढे लिहिल्या होत्या: टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 ची जोडगोळी, शिवाय अटेनोलॉल 50. सकाळी आठला ट्रे घेऊन सिस्टर खाटेशी गेली. झोपून बीपी 104/66, नाडी 54. बीपी शंभरच्या वर म्हणून गोळी देऊन पुढे जाणारे पुष्कळ असतात. पण बाई म्हणाली, "माय, उठलं का डोकं गरगर फिरून राह्यलं." सिस्टरनं तिला धरून उभं केलं आणि एका मिनिटानं पुन्हा मोजलं. बीपी 82/50, नाडी 56.

आता हे आकडे नीट बघ. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी 20 नं किंवा खालचं 10 नं उतरलं की ते उभं राहण्यानं पडलेलं बीपी. इथे दोन्ही उतरले. पण मला त्याहून मोठी वाटते ती नाडी. दोन दिवस संडास लागलेल्या, उन्हात राबलेल्या माणसाच्या अंगात पाणी कमी पडलं की नाडी शंभरीकडे धावायला हवी. हिची फक्त दोननं वाढली. कारण अटेनोलॉल बीटा ब्लॉकर आहे. हृदयावरच्या ज्या बीटा-1 ग्राहकांना ॲड्रेनॅलिन धरतं, तीच जागा तो अडवून बसतो. म्हणून बीटा ब्लॉकर चालू असलेल्या पेशंटची नाडी शांत दिसली तरी अंगात पाणी पुरेसं आहे असं धरू नको. जीभ बघ, लघवी शेवटची कधी झाली ते विचार. ही बाई म्हणाली, काल दुपारी.

मग सिस्टरनं तिला आणखी एक विचारलं, आणि ते तू रोज विचारायचं आहेस: "दुसऱ्या कोणत्या गोया खाता?" बाईनं पदराच्या गाठीतून पट्टी काढली. डायक्लोफेनॅक. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली, पत्ता तोडायला जाताना सकाळ-संध्याकाळ एकेक. ही दुखण्याची गोळी केस पेपरवर कधीच नसते, कारण पेशंट तिला औषधात धरतच नाही.

किडनीत काय झालं ते समजून घे. किडनीतली गाळणी दाबावर चालते. वाफ्यात पाणी ठरावीक उंचीवर राहावं म्हणून आत येणारं तोंड मोकळं आणि बाहेर जाणारं थोडं आवळलेलं ठेवतात ना, तसंच. पाणी कमी पडलं की शरीर अँजिओटेन्सिन-2 वापरून बाहेरचं तोंड आवळतं आणि दाब टिकवतं. टेल्मिसार्टन त्याचाच ग्राहक अडवतो, म्हणून बाहेरचं तोंड सैल राहतं. एरवी ते चांगलंच, बीपी उतरतं. आतलं तोंड मोकळं ठेवतात प्रोस्टाग्लँडिन, आणि डायक्लोफेनॅक त्यांचं तयार होणंच थांबवतं. त्यात थायझाइड मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढत होतं आणि उरलंसुरलं संडासातून गेलं. दाब बसला, गाळणं थांबत आलं.

रिपोर्ट आले तेव्हा क्रिएटिनिन 2.4 आणि पोटॅशियम 5.9 होतं. थायझाइडनं पोटॅशियम कमी होतं असं तू वहीत लिहिलंस, ते खरंच आहे. पण किडनी बसली आणि सोबत टेल्मिसार्टन असलं की ते चढतं. अटेनोलॉल शरीरातून किडनीवाटेच जातं, त्यामुळे तेही साचलं. वाढलेलं पोटॅशियम आणि साचलेलं अटेनोलॉल मिळून नाडी आणखी मंद करतात. म्हणजे त्या सकाळची गोळी दिली असती तर साचलेल्यात भरच पडली असती. अशा वेळी ईसीजी लगेच काढून घ्यायचा. नातेवाईक मायेनं नारळपाणी आणतात, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत ते बाजूला ठेवायला सांग.

सिस्टरनं काय केलं? तिन्ही औषधं ट्रेमध्येच ठेवली, बाईला झोपवून पाय उंच केले, डॉक्टरांना फोन केला आणि ट्रीटमेंट शीटवर वेळ, दोन्ही स्थितींतलं बीपी, नाडी, कारण आणि कोणाला कळवलं ते लिहिलं. नुसतं "नॉट गिव्हन" लिहून चालत नाही; दुपारच्या ड्यूटीवालीला त्यातून काहीच कळत नाही, आणि ती दोनला बीपी थोडं वर दिसलं की राहिलेली गोळी देऊन मोकळी होते.

नाडी 60 च्या खाली किंवा वरचं बीपी 100 च्या खाली असेल तर बीटा ब्लॉकर थांबवून आधी विचारायचं, असा बहुतेक ठिकाणी रिवाज असतो. केस पेपरवर वेगळी मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळ. नाडी पूर्ण मिनिटभर मोज, शक्यतो छातीला स्टेथोस्कोप लावून. बीटा ब्लॉकर आपल्या मनानं दिवसेंदिवस बंदही ठेवू नको. अचानक तुटला की हृदयविकाराच्या पेशंटला छातीत दुखू लागतं. थांबवायचा की कमी करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घे. दमेकऱ्याला तो लिहिलेला दिसला तर देण्याआधी विचारच. आणि शुगरच्या पेशंटमध्ये साखर उतरल्याची धडधड तो झाकतो, घाम मात्र येतो, तेवढा बघ.

मोजमापाचं एक. आपल्याकडच्या बायका ब्लाउजची बाही वर सरकवतात, ती दंडाला आवळून बसते, आणि कफ तिच्यावरच गुंडाळला जातो. आकडा चुकतो. बाही काढून घे, पाच मिनिटं बसू दे, हात हृदयाच्या पातळीवर टेकव. दंड जाड असेल तर मोठा कफ शोध, नाहीतर बीपी खोटंच जास्त दिसेल.

बाकीचं तुझ्या वहीत नीट आहे. अमलोडिपिननं पाय सुजतात ते रक्तवाहिन्या सैल होऊन. पाणी साचल्यामुळे नाही, म्हणून लघवीच्या गोळीनं ती सूज फारशी हटत नाही. एनालॅप्रिलचा कोरडा खोकला ब्रॅडिकायनिनमुळे; ओठ-जीभ सुजली तर मात्र पुढचा डोस नाही, धावत डॉक्टरांकडे. एनालॅप्रिल आणि टेल्मिसार्टन दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून तरुण बाईला पाळी कधी आली ते विचारूनच दे.

त्या बाईला सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी लघवी सुटली, आणि किडनी ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांनी गोळ्या एकेक करून सुरू केल्या. डायक्लोफेनॅक कायमचं बंद. सुट्टी देताना तिच्या मुलाला आणि सुनेला दोघांनाही समोर बसवून सांगितलं: संडास, उलटी लागली किंवा जेवण सुटलं तर त्याच दिवशी आशाताईला किंवा उपकेंद्रात कळवा, बीपीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी सुनेनं तिथेच काढून दिली. सुट्टीच्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात लाल पेननं "दुखण्याची गोळी बंद" असं मराठीत लिहून दे. मेडिकलवाला तेवढंच वाचतो.

तुझी ताई