आधारवरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे कशी करायची?

प्रश्न: आधारवर ०१/०१/१९८९ आहे, शाळेच्या दाखल्यावर १ जून १९८८. जन्माचा दाखला काढलेलाच नाही, दहावी पास आहे. आधार दुरुस्त होईल का?

होईल, पण घाईने केंद्रावर जाऊ नका. आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. ती संधी चुकीच्या कागदावर गेली तर पुढचं काम फार किचकट होतं.

१ जानेवारी कुठून आली असेल? नोंदणीच्या वेळी कागद न दाखवता नुसतं वय किंवा सालच सांगितलं की बरेचदा १ जानेवारीच पडायची. शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकायचे, तसंच. पण तुमचं १ जून दहावीच्या बोर्डापर्यंत गेलं असेल, आणि शाळा सुटल्यावर तिथली तारीख बदलणं अवघड असतं. म्हणून आधारच बोर्डाच्या तारखेला जुळवून घ्या.

पुरावा म्हणून नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका. बोर्डाचं मूळ प्रमाणपत्र न्या, झेरॉक्स नको. त्यावर जन्मतारीख छापलेली आहे ना, हे घरीच बघा; नुसत्या गुणांच्या कागदावर ती नसेल तर उपयोग नाही. पासपोर्ट असेल आणि त्यावर १ जूनच असेल तर तोही चालतो.

मग नाव ताडून बघा. प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि आधारवर नाही, किंवा स्पेलिंग वेगळं आहे, तर अर्ज नाकारला जाण्याची शक्यता असते. तसं असेल तर आधी नाव दुरुस्त करा, तारीख नंतर. नाव दोनदा बदलता येतं, त्यामुळे तिथे थोडी सवड आहे.

तारीख आधी कधी बदलली होती का, हे myaadhaar.uidai.gov.in वर मोबाइलच्या ओटीपीने आत जाऊन अपडेट हिस्ट्रीत बघा. नसेल तर आधार केंद्रावर जा. तारखेची फी ७५ रुपये. ऑपरेटर नोंद पाठवण्याआधी स्क्रीनवर दिवस आणि महिना स्वतः वाचा: 01/06/1988. 06/01 पडलं तर तुमची एकुलती संधी ६ जानेवारीवर खर्ची पडेल. पावतीवरही तीच तारीख पुन्हा वाचा आणि पावती जपून ठेवा.

तारीख आधीच बदललेली निघाली तर केंद्रावरून काम होत नाही. १९४७ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. आधार देणारी संस्था म्हणजे यूआयडीएआय; महाराष्ट्रासाठी तिचं प्रादेशिक कार्यालय मुंबईत आहे. तिथे अपवाद म्हणून विचार होतो, पण पुरावा भक्कम लागतो.

दुरुस्ती होईपर्यंत कोणी आधारवरचीच तारीख खरी म्हणून अडवलं, तर सांगा की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं खुद्द यूआयडीएआयच म्हणतं. जानेवारी २०२४ मध्ये पीएफ कार्यालयानेही जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखलाच धरला होता.