आर्मीतला अनुभव रिक्रूटरला कळेल असा कसा लिहायचा?

प्रश्न: आर्मीच्या रसद आणि वाहतूक बघणाऱ्या शाखेतून, म्हणजे एएससीमधून, मेजर म्हणून बाहेर पडतोय, शॉर्ट सर्व्हिसची १० वर्षं झाली. घर कोल्हापूरला, त्यामुळं इथंच ऑपरेशन्सचा जॉब बघतोय. रिक्रूटर्सना मेल टाकले तर एकतर उत्तर नाही, नाहीतर सिक्युरिटी ऑफिसरची पोस्ट दाखवतात. आर्मीचा अनुभव नेमका लिहायचा कसा?

उत्तर:

सर, मी पण एएससीचाच, बाहेर पडून आता काही वर्षं झाली, सध्या कागल एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कंपनीत प्लँटचं लॉजिस्टिक्स आणि डिस्पॅच बघतो. तुमचं जे चाललंय ते सगळं माझं होऊन गेलंय. सुरुवातीला पंचवीसेक मेल टाकले असतील, दोनच फोन आले आणि दोन्ही सिक्युरिटीसाठी. एकानं तर फोनवरच सांगितलं, "साहेब, आमच्याकडं गेटवर तुमच्यासारखाच कडक माणूस पाहिजे होता." राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर माझाच मेल परत वाचला तेव्हा कळलं की त्या माणसाची काही चूक नव्हती. मेलमध्ये कमांड, डिसिप्लिन, ऑपरेशनल एरिया, लीडरशिप एवढंच होतं. त्यात ट्रक कुठं होते, माल कुठं होता, स्टॉक कुठं होता? वाचणाऱ्यानं मला गेटवर नाही बसवायचं तर कुठं बसवायचं?

माझा मेल सुधारला तो माझ्या बायकोच्या मावसबहिणीनं, ती शिरोलीच्या एका कारखान्यात एचआरला आहे. तिनं प्रिंट काढून घेतली आणि जे जे कळत नव्हतं त्याला पेनानं गोल केला. अर्ध्याच्या वर पान गोलांनी भरलं. ओसी, टूआयसी, अ‍ॅडज्युटंट, व्हीओआर, बोर्ड ऑफ ऑफिसर्स, इंडेंट... तिला "इंडेंट" कळला कारण त्यांच्या स्टोअरमध्येही इंडेंटच म्हणतात, बाकी काही नाही. मग ती म्हणाली, "दाजी, शब्दांचं राहू दे, मला एक काम सांगा जे तुम्ही हातात घेतलं तेव्हा बिघडलेलं होतं आणि सोडलं तेव्हा बरं होतं." तिथनं सगळं सुरू झालं. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे, दहा वर्षांचं भाषांतर करत बसू नका, एक काम निवडा आणि ते पूर्ण उघडून लिहा.

मी व्हीओआर निवडलं. तुम्हाला सांगायला नको पण बाकीचे वाचणारे असतील त्यांच्यासाठी सांगतो, व्हीओआर म्हणजे व्हेइकल ऑफ रोड, म्हणजे बिघाडामुळं उभी असलेली गाडी. माझ्या मूळ मेलमधलं वाक्य होतं, "ट्रान्सपोर्ट कंपनीचा ओसी असताना व्हीओआर स्टेट लक्षणीयरीत्या कमी केली आणि अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंगची जबाबदारी यशस्वीपणे पार पाडली." आता हे वाक्य आपल्यातल्या माणसाला दणदणीत वाटतं. बाहेरच्याला यातलं फक्त "ओसी" दिसतं आणि तेही कळत नाही.

खरं घडलेलं काय होतं ते सांगतो, आकडे मुद्दाम बदललेत, का ते पुढं येईल. समजा ताब्यात ६० ट्रक होते. सकाळच्या परेडला त्यातले सरासरी ४५ चालू, १५ उभे. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आधी वर पूर्ण हिवाळ्याचं रेशन आणि इंधन पोचवायचं, म्हणजे काम करायला उन्हाळ्याचे मोजके महिने, आणि पाव ताफा उभाच. सगळे म्हणत होते वर्कशॉप स्लो आहे. मी पंधरा दिवस फक्त एक रजिस्टर ठेवलं, उभी असलेली प्रत्येक गाडी कशासाठी उभी आहे. तर १५ पैकी ९ गाड्या पार्टची वाट बघत होत्या, ४ वर्कशॉपच्या लाइनीत आणि २ अपघाताच्या. म्हणजे वर्कशॉप दोषी नव्हतं, पार्टची मागणीच गाडी बंद पडल्यावर जायची आणि पार्ट यायला आठवडे लागायचे. त्यात कुणीतरी घाईत एका उभ्या गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावायचा, मग पहिली गाडी अजून लांबायची. आम्ही दोनच गोष्टी केल्या. दर आठवड्याला चालू गाड्यांची तपासणी करून झिजत आलेल्या पार्टची मागणी आधीच टाकायची, आणि एका गाडीचा पार्ट दुसरीला लावायचा असेल तर माझी सही पाहिजे. आठ महिन्यांनी उभ्या गाड्या १५ वरून ६ वर आल्या.

हे मेलमध्ये असं उतरलं (खाली मराठीत देतोय, पाठवलं इंग्रजीत):

"६० ट्रकच्या ताफ्याचं आणि ड्रायव्हर, मेकॅनिकसह सुमारे १०० जणांचं रोजचं काम बघितलं. रोज चालू असणाऱ्या गाड्या आठ महिन्यांत ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेल्या. गाडी उभी राहण्याची कारणं नोंदवल्यावर बहुतेक वेळ पार्ट नसल्यामुळं जातोय हे कळलं, म्हणून पार्टची मागणी बिघाडानंतर न करता साप्ताहिक तपासणीवरून करायला लागलो. ताफा, स्टोअर आणि मेंटेनन्स यांचं काम एकत्र जुळवण्याच्या जबाबदारीसाठी अर्ज करतोय."

बघा, यात कुठंही आर्मीचा शब्द नाही, आणि तरी पहिल्यापेक्षा जास्त कळतंय. आर्मी कुठं येते? अनुभवाच्या हेडिंगमध्ये एकदा, बस. आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला हे वाचून पटकन स्वतःचं दुखणं आठवतं, कारण त्याच्याकडं पण मशीन बंद पडल्यावरच स्पेअर शोधायला माणूस पळतो आणि तिकडं कस्टमरचा ट्रक माल भरायला येऊन उभा असतो. माझा फोन ज्या कंपनीतनं आला त्यांनी या एकाच परिच्छेदावर बोलावलं होतं, हे नंतर त्यांनीच सांगितलं.

इंटरव्ह्यूला मात्र पहिल्यांदा मी आपटलो. हा त्याआधीचा, दुसऱ्या एका कंपनीतला किस्सा. त्या वेळी मेलमध्ये एक ओळ अजून होती, "१०० टक्के वेळेवर डिलिव्हरी". समोरच्या प्लँट हेडनं शांतपणे विचारलं, "वेळेवर म्हणजे कशाच्या तुलनेत? रस्ता बंद असलेले दिवस धरले की सोडले?" मला सांगताच येईना. आपल्याकडं काम झालं की झालं, पण त्यांच्याकडं कस्टमरनं सांगितलेल्या तारखेला सांगितलेला पूर्ण नग पोचला तरच वेळेवर, ९५ नग पोचले आणि ५ राहिले तर ती ऑर्डर फेल. मी ती ओळच काढून टाकली. तेव्हापासून नियम एकच, ज्या आकड्याचा खालचा आकडा, म्हणजे एकूण कशातले, हे सांगता येत नाही तो आकडा लिहायचा नाही. माझ्या ९० टक्क्यांचं मी सांगू शकत होतो, सकाळच्या परेडला एकूण ६० पैकी चालू किती, अपघाताच्या गाड्यासुद्धा धरून.

आकडे का बदलले म्हणालो ते आता. युनिटचं नाव, ठिकाण, माणसांची आणि गाड्यांची खरी संख्या, वर किती दिवसांचा साठा असतो, हे मेलमध्ये जाता कामा नये. ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट, १९२३ रिटायर झाल्यावर संपत नाही, आणि तुमचा मेल पुढं कुठल्या कुठल्या इनबॉक्समध्ये फिरतो ते तुमच्या हातात नाही. टक्केवारी द्या, संख्या ढोबळ द्या, "डोंगराळ भागात" एवढं पुरतं. इंटरव्ह्यूत विचारलंच तर सरळ म्हणायचं की नेमकी संख्या सांगता येत नाही पण पद्धत सगळी सांगतो. आजवर कुणी वाकडं तोंड केलं नाही, उलट अशा माणसाकडं कंपनीची माहिती पण सुरक्षित राहील असं वाटतं त्यांना.

आता आपली जी कमजोर बाजू आहे ती लपवू नका. पैसे. आपण गाडी पोचली का ते बघतो, पोचवायला प्रति टन किती खर्च झाला ते आपल्याला कुणी विचारत नाही, नफा-तोटा तर आपण कधी सांभाळलेलाच नसतो. काही जण "कंपनी कमांडर म्हणजे छोटा सीईओच" असलं लिहितात, कृपा करून नको, समोरचा पहिल्या पाच मिनिटांत उघडं पाडतो. मी इंटरव्ह्यूत सांगितलं की नफ्या-तोट्याची जबाबदारी माझ्याकडं नव्हती, पण इंधनाचा हिशोब लिटरमध्ये आणि किलोमीटरमध्ये होता, प्रत्येक गाडीचा सरासरी अ‍ॅव्हरेज माहीत होता आणि तो घसरला की कारण शोधायचो. हे खरं असतं आणि तुमच्याकडं पण असणारच.

दुसरी शंका ते तोंडावर विचारत नाहीत पण मनात असते, की याचा माणूस नोकरी सोडून जाऊ शकत नव्हता, आमचा कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा पगाराच्या दुसऱ्या दिवशी पन्नास पैशाच्या फरकासाठी पलीकडच्या शेडमध्ये जातो. यावर माझ्याकडं तेव्हा बरं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं सिव्हिलियन मजूर, पोर्टर किंवा भाड्याच्या सिव्हिल ट्रकवाल्यांकडनं काम करून घेतल्याचा अनुभव असेल तर तो मेलमध्ये आणाच, त्यांना हुकूम चालत नाही, त्यांच्याशी घासाघीसच करावी लागते, आणि कारखान्यात नेमकं तेच लागतं.

फौज सोडणाऱ्यांना पुढच्या नोकरीसाठी तयार करणाऱ्या डीजीआरचा मॅनेजमेंट कोर्स केला असेल तर तो शेवटी एका ओळीत. त्यानं दार उघडत नाही, पण "अ‍ॅव्हरेज कॉस्ट", "इन्व्हेंटरी टर्न्स" असले शब्द कानावरनं गेलेले असतात हे कळतं.

आणि मेलचा सब्जेक्ट. माझा होता "अ‍ॅप्लिकेशन फ्रॉम एक्स-आर्मी ऑफिसर". तिथंच सिक्युरिटीच्या फोल्डरमध्ये गेलो असणार. नंतरचा होता, "प्लँट लॉजिस्टिक्स / डिस्पॅच, कोल्हापूर, अमुक तारखेपासून जॉइन होऊ शकतो". तारीख टाकाच, रिलीज ऑर्डर काय असते ते रिक्रूटरला माहीत नसतं, त्याला नोटीस पीरियड कळतो. मेल दीडशे शब्दांच्या आत, सहीत रँक ठेवा पाहिजे तर, पण नंबर, मेडलं, युनिट काही नको.

एवढं करूनही सिक्युरिटीचा फोन येणारच, मला अजून येतो. मी म्हणतो, "गेट नको, गेटमधनं जो माल बाहेर जातो तो बघतो मी, तसली जागा असेल तर सांगा." दोनदा त्याच माणसानं नंतर खरंच स्टोअर्सच्या पोस्टसाठी फोन केलाय.