पत्रा स्वस्त घेतला, तरी मालाचा खर्च बजेटच्या वर का गेला?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत आमचं इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे बनवायचं युनिट आहे. मागच्या महिन्याचं बजेट १,००० डब्यांचं होतं. डब्याला १.६ मिमीचा सीआरसीए पत्रा १२ किलो, दर ७० रुपये. मजुरी दीड तास, तासाला ९० रुपये. प्रत्यक्षात १,१०० डबे झाले. नव्या सप्लायरकडून १५,००० किलो पत्रा ६७ रुपये पोहोच भावाने घेतला, त्यातला १४,००० किलो लागला. पत्रा उशिरा आल्याने आठही कामगार १० तास बसून होते. मजुरी १,७६० तासांची १,६७,०४० रुपये झाली, त्यात ९६ तास दुप्पट दराचा ओव्हरटाइम. ११ डबे रिजेक्ट झाले. परचेसवाले म्हणतात आम्ही ४५,००० वाचवले, मालक म्हणतात खर्च लाखाने वाढला. नेमकं कुणाचं खरं?

उत्तर:

आधी मालकांचा लाख बाजूला काढू. लागलेल्या पत्र्याची किंमत ९,३८,००० आणि बजेट ८,४०,०००, म्हणून ९८,००० जास्त दिसतात. पण ते बजेट १,००० डब्यांचं आहे आणि तुम्ही केले १,१००. शंभर डबे जास्त म्हटल्यावर त्यांना पत्रा लागणारच. त्यामुळे बजेट आधी १,१०० डब्यांवर आणा: १३,२०० किलो, ९,२४,००० रुपये. आता खरा फरक उरतो फक्त १४,०००. बाकीचे ८४,००० जास्त उत्पादनाचे आहेत आणि ते विक्रीतून परत येतात. ही पायरी गाळून काढलेला कुठलाही फरक प्रॉडक्शनला विनाकारण दोषी ठरवतो. मोजताना चांगले झालेले डबेच धरा. रिजेक्ट डबे १,१०० मध्ये मिसळले तर नासाडी अहवालातून गायबच होते.

या १४,००० च्या आत दोन मोठे आकडे एकमेकांविरुद्ध उभे आहेत. किलोमागे ३ रुपये वाचले, १४,००० किलोवर ४२,००० अनुकूल. वापरात १३,२०० ऐवजी १४,००० किलो गेले, म्हणजे ८०० किलो जास्त, ७० च्या दराने ५६,००० प्रतिकूल. वापराचा फरक नेहमी बजेटच्याच दराने काढायचा, कारण परचेसने महाग घेतलं की स्वस्त, याचा भार शॉपफ्लोअरवर पडू नये. परचेसवाल्यांचे ४५,००० हिशेबाने बरोबर आहेत, ते पूर्ण १५,००० किलोच्या खरेदीवर काढलेले आहेत. दराचा फरक खरेदीच्याच वेळी काढावा असं माझंही मत आहे, म्हणजे तो महिनाभर आधी कळतो. फक्त त्यातले ३,००० अजून स्टोअरमध्ये पडलेल्या १,००० किलोचे आहेत, हे लक्षात ठेवा. शिवाय ७० आणि ६७ हे दोन्ही भाव जीएसटी वगळून आणि ट्रकभाडं धरून आहेत ना, हे एकदा बघून घ्या. एका भावात भाडं आणि दुसऱ्यात नाही, असं असेल तर पुढचं सगळं चुकतं.

आता मुख्य मुद्दा. पत्रा आपण किलोवर विकत घेतो, पण वापरतो चौरस मीटरवर. डब्याला ठराविक क्षेत्रफळ लागतं. पत्रा जाड आला तर तेच क्षेत्रफळ जास्त वजनाचं होतं आणि त्या जादा लोखंडाचे पैसे आपण भरतो. तुमचे आकडे पाहून मला पहिला संशय जाडीचाच येतो. नवा सप्लायर, कमी भाव आणि सहा टक्के जास्त वापर, हे तिन्ही एकत्र आलेत.

तपासणं सोपं आहे. १ मिमी जाडीच्या स्टीलच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला ७.८५ किलो असतं. १.६ मिमीची २५०० बाय १२५० ची शीट घेतली तर क्षेत्रफळ ३.१२५ चौरस मीटर, वजन ३९.२५ किलो. ५० शीटचा बंडल असेल तर पट्ट्या आणि लाकूड वगळून साधारण १,९६२ किलो भरायला हवा. तोच २,०६० च्या आसपास भरत असेल तर पत्रा १.६८ चा आहे, पाच टक्के जाड. मायक्रोमीटर शीटच्या काठापासून थोडा आत, चारपाच जागी लावा; कापलेल्या कडेवर बर, म्हणजे कापताना उठलेली धार असते, तिथलं माप जास्त येतं.

वापरून झालेल्या पत्र्याचाही पुरावा गोदामात असतोच. पावडर कोटिंगआधीचे दहा डबे वजन करा. डब्यात प्रत्यक्ष जाणारा पत्रा ड्रॉइंगवरून काढता येतो. समजा तो १०.८ किलो आहे आणि १.२ किलो कात्रण धरून तुमचे १२ किलो होतात. डबा ११.३४ च्या आसपास भरला तर जाडी हेच कारण. डबा १०.८ चाच भरतोय आणि भंगाराचं प्रमाण मात्र दहा टक्क्यांवरून वर गेलंय, तर कटिंग लेआउट बिघडलाय किंवा शीटचा साइज वेगळा आलाय. डबाही बरोबर आणि भंगारही बरोबर असेल, तर मात्र स्टोअरची नोंद आणि काटा तपासा, कारण ते लोखंड कागदावरच गेलेलं आहे. दोषी कोण हे ठरवण्याआधी हे वजन करा. भंगारवाल्याच्या पावतीवर विसंबू नका, तो दोनतीन महिन्यांचा माल एकदम उचलतो.

समजा जाडी १.६८ निघाली. मग १,१०० डब्यांना १३,८६० किलो लागणारच होतं, कटिंग कितीही चांगलं केलं तरी. म्हणजे ८०० पैकी ६६० किलो, ४६,२०० रुपये, जाडीचे. उरलेले १४० किलो, ९,८०० रुपये. जाड पत्र्याचा एक डबा १२.६ किलोचा, ११ रिजेक्ट डब्यांचे १३८.६ किलो होतात. म्हणजे उरलेला हिशेब जवळपास पूर्ण जुळला आणि शॉपफ्लोअरच्या कटिंगवर काही उरलं नाही. पाच टक्के जाड पत्रा ६७ ने घेणं म्हणजे योग्य जाडीचा पत्रा ७०.३५ ने घेणं. बचत झालीच नाही. अनुकूल फरक एका रकान्यात आणि तेच पैसे प्रतिकूल होऊन दुसऱ्या रकान्यात, दुसऱ्या माणसाच्या नावावर. म्हणून अहवालात दर आणि वापर हे आकडे वेगवेगळ्या पानांवर कधीच देऊ नयेत, एकाच ओळीत शेजारी शेजारी द्यावेत.

मजुरीकडे या. १,१०० डब्यांना १,६५० तास, १,४८,५०० रुपये बसतात. तुमचे गेले १,६७,०४०, फरक १८,५४० प्रतिकूल. याचे तीन भाग वेगळे ठेवा. पगाराच्या तासांतून बसून राहिलेले ८० तास आधी काढा, ७,२०० रुपये. ते तास कार्यक्षमतेत मिसळले तर कामगार ११० तास मागे पडले असं दिसेल. प्रत्यक्षात त्यांनी १,६८० तास काम केलं, म्हणजे मागे पडले ३० तास, २,७०० रुपये. कोण किती वेळ थांबला आणि का, हे त्याच दिवशी कामपत्रकावर सुपरवायझरने लिहायला हवं. महिनाअखेरीला आठवून लिहिलेल्या तासांवर हिशेब उभा राहत नाही. उरलेले ८,६४० दराचे, आणि तुमच्या आकड्यांवरून ते सगळे ओव्हरटाइमचे आहेत: ९६ तासांवर ९० रुपये जास्तीचे. मूळ दर वाढलेला नाही.

पण ओव्हरटाइम का लागला? आठ कामगार २६ दिवस आठ तास धरले तर साध्या हजेरीचेच १,६६४ तास होतात. १,१०० डब्यांना १,६५० पुरतात. म्हणजे वाढलेलं उत्पादनही नेहमीच्या वेळेत बसत होतं. ओव्हरटाइम ऑर्डरमुळे लागला नाही. ८० तास पत्र्याची वाट बघण्यात गेले आणि ३० तास रखडले, म्हणून लागला. त्या ३० तासांचंही मूळ बहुधा पत्र्यातच सापडेल. पत्रा वाकवायच्या मशीनवर, म्हणजे प्रेस ब्रेकवर, सेटिंग १.६ चं असताना १.६८ चा पत्रा घातला तर बेंडचा कोन आणि फ्लँजचं माप दोन्ही सरकतं. दार चौकटीत बसत नाही, सेटिंग परत करावं लागतं, काही डबे फेकावे लागतात. प्रेस ब्रेकवाल्याला विचारा, त्या महिन्यात सेटिंग किती वेळा बदललं. आणि रिजेक्ट डब्यांवर कारण लिहिलेलं असेल तर तेही पाहा. वेल्डिंगचे दोष असतील तर माझा हा भाग चुकीचा ठरेल आणि ९,८०० व ते तास परचेसच्या खात्यात टाकता येणार नाहीत.

जाडी सिद्ध झाली तर मालकांना असं मांडा: लागलेल्या पत्र्यावर दरात ४२,००० मिळाले, वापरात ५६,००० गेले, मजुरीत १८,५४० गेले, निव्वळ ३२,५४० तोटा. परचेसवाल्यांना यात खलनायक करू नका. त्यांना किलोचा भाव कमी करायला सांगितलं होतं, त्यांनी तेच केलं. त्याच आठवड्यात जुन्या सप्लायरचा भाव काय होता तेही विचारा. बाजारच ७० वरून ६८ वर आला असेल तर ३ पैकी २ रुपये बाजाराचे आहेत, परचेसचा वाटा एकच रुपया.

पुढच्या पर्चेस ऑर्डरवर किलोच्या भावासोबत शीटचं कमाल वजन लिहा, २५०० बाय १२५० साठी उदाहरणार्थ ३९.८ किलो, आणि त्यावरच्या वजनाचे पैसे मिळणार नाहीत हेही लिहा. थोडा फरक कुठल्याही मिलच्या मालात येतो, त्यामुळे अगदी ३९.२५ चा आग्रह धरलात तर कुणी माल देणार नाही. माल आत घेताना बंडलचं वजन भागिले शीटची संख्या एवढा एक आकडा जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, लिहून घ्या.

जाडी सिद्ध झाली तर स्टोअरमधला १,००० किलोही तोच जाड पत्रा आहे. त्यातून साधारण ७९ डबे निघतील आणि सुमारे ४८ किलो, म्हणजे ३,३०० रुपयांच्या आसपास, वापराचा प्रतिकूल फरक चालू महिन्यात पुन्हा दिसेल. तो लॉट वेगळा रचून ठेवा, प्रेस ब्रेकचं सेटिंग एकदाच बदलून तो सलग संपवा, आणि प्रॉडक्शनच्या अहवालात त्या रकमेपुढे कारण आधीच लिहून ठेवा.