कृत्रिम गुडघ्यातलं इन्फेक्शन: आधी पाणी, मग औषध, मग ऑपरेशनचा प्रश्न

प्रश्न: आईचा गुडघा बदलून 14 महिने झाले. तीन महिन्यांपासून दुखतोय, थोडा सुजलाय, ताप नाही. रक्तातली सूज दाखवणारं सीआरपी 1.4 आलंय. एक डॉक्टर म्हणतात अँटिबायोटिक देऊन बघू, दुसरे म्हणतात सुई घालून सांध्यातलं पाणी तपासू, आणि इन्फेक्शन निघालं तर दोन ऑपरेशनं लागतील. एकातच भागत नाही का?

उत्तर: मी सांधेरोपणाचा सर्जन आहे. एकातच भागतं का, हे बऱ्याच अंशी त्या पाण्यात काय सापडतं यावर ठरतं. म्हणून माझं मत दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने. पाणी काढून होईपर्यंत अँटिबायोटिकची एकही गोळी नको.

आधी रिपोर्टवर 1.4 च्या पुढचं एकक बघा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, आणि इन्फेक्शन ठरवायच्या निकषांमधला 10 चा आकडा आहे प्रति लिटरचा. तसं असेल तर तुमचं 1.4 म्हणजे 14, म्हणजे वाढलेलं. या एका चुकीने ‘नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवलेले पेशंट मी पाहिलेत.

गोळ्यांची एवढी धास्ती का, ते एका पेशंटवरून सांगतो. साठीच्या बाई, गुडघा बदलून सव्वा वर्ष झालेलं, तक्रार अगदी तुमच्या आईसारखी. आल्या तेव्हा कुणीतरी दिलेल्या अँटिबायोटिकचा पाचवा दिवस होता आणि दुखणं जरा उतरलं होतं. सीआरपी 14, सूज दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी ईएसआर 36. पाणी काढलं: पांढऱ्या पेशी 2100, त्यातल्या जंतूंवर तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल 71 टक्के, जंतू उगवतात का ते बघणाऱ्या कल्चरमध्ये काहीच नाही.

2018 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत गुणांची बेरीज असते. सीआरपी 10 च्या वर गेलं तर 2 गुण, ईएसआर 30 च्या वर गेला तर 1. पाण्यातल्या पेशी 3000 च्या वर असतील तर 3, न्यूट्रोफिल 80 टक्क्यांच्या वर असतील तर 2. (हे आकडे जुन्या, रेंगाळलेल्या दुखण्याचे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते बरेच वरचे धरतात, कारण तेव्हा सांधा तसाही चिडलेलाच असतो.) बेरीज 6 किंवा जास्त आली तर इन्फेक्शन, 2 ते 5 म्हणजे शंका. बाईंचे झाले 3. ना इकडे, ना तिकडे.

मी गोळ्या बंद करायला सांगितल्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, यानेच तर बरं वाटतंय, मग बंद कशाला?”

प्रश्न रास्त होता. धातू आणि प्लॅस्टिकवर जंतू चिकट थर करून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. पाण्यात मोकळे फिरणारे जंतू गोळीने मरतात, थराखालचे तसेच राहतात. त्यामुळे सूज उतरते, पेशी कमी होतात, कल्चर कोरं येतं, आणि आजार मात्र जागच्या जागी असतो.

ताप नव्हता, तब्येत स्थिर होती, म्हणून दोन आठवडे थांबता आलं. मग पुन्हा सुई घातली. पाणी पिवळसर, थोडं गढूळ, पू म्हणावा असं नाही. थोडं ईडीटीएच्या नळीत घातलं, नाहीतर ते गोठतं आणि पेशी मोजता येत नाहीत. बाकीचं थेट ब्लड कल्चरच्या बाटल्यांमध्ये. एक थेंब लघवी तपासायच्या साध्या पट्टीवर टाकला. पांढऱ्या पेशींचं एन्झाइम दाखवणारा चौकोन दोन मिनिटांत गडद जांभळा झाला. या पट्टीचे वेगळे गुण मिळत नाहीत, ती पेशींच्या मोजणीला पर्याय म्हणून धरतात. पाण्यात रक्त आलं तर तिचा रंग वाचता येत नाही.

मोजणीत पेशी 6200, न्यूट्रोफिल 86 टक्के. आता बेरीज 8. अल्फा डिफेन्सिन नावाची महागडी चाचणीही असते, पण उत्तर समोर असताना ती कशाला करायची? शिवाय सांध्यात धातूचा चुरा झाला असेल तर ती इन्फेक्शन नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते.

पाचव्या दिवशी कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस उगवला. हा कातडीवर राहणारा जंतू. एकाच नमुन्यात आला तर बाहेरून मिसळला असंही असू शकतं, म्हणून निकष दोन नमुन्यांत तोच जंतू मागतात. कल्चर 14 दिवस ठेवायला सांगितलं होतं, कारण काही जंतू फार आळशी असतात.

आता तुमचा प्रश्न. दोन टप्प्यांत आधी सांधा काढतात, सांध्याची जागा राखायला अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, म्हणजे स्पेसर, बसवतात, काही आठवडे औषधं देतात आणि मग नवा सांधा घालतात. मधला काळ पेशंटला फार जड जातो, आणि काहींना दुसरं ऑपरेशन कधीच झेपत नाही. एका टप्प्यात हे सगळं एकाच भुलीत उरकतात. जर्मनीत हॅम्बुर्गला 1970 च्या दशकापासून तसं करतात. 2022 मध्ये आलेल्या ब्रिटन आणि स्वीडनमधल्या एका चाचणीत 18 महिन्यांनंतर दोन्ही गटांचं दुखणं आणि हालचाल सारखीच निघाली. तिसऱ्या महिन्याला एक-टप्पावाले पुढे होते. पण ती चाचणी खुब्याची होती, गुडघ्याला ती जशीच्या तशी लावू नये.

बाईंचं आम्ही एका टप्प्यात केलं. जंतू माहीत होता, त्यावर कोणती औषधं चालतात ते माहीत होतं, कातडी आणि हाड चांगलं होतं. जंतूचं नाव माहीत नसतं तर सिमेंटमध्ये कोणतं औषध मिसळायचं हेच कळलं नसतं, आणि मी दोन टप्पे निवडले असते. औषधांना न जुमानणारा जंतू, बुरशी, खराब कातडी किंवा रक्तात पसरलेलं इन्फेक्शन असतं तरीही तेच केलं असतं.

थिएटरमध्ये जुना सांधा, सिमेंटचा कण न् कण आणि सुजलेलं अस्तर काढलं. वेगवेगळ्या जागांचे पाच नमुने घेतले, प्रत्येकाला नवी हत्यारं. धुऊन जखम तात्पुरती बंद केली. मग सगळ्यांनी गाऊन-ग्लोव्हज बदलले, चादरी नव्या, हत्यारांचा ट्रे नवा. नवा सांधा त्यानंतरच उघडला. हा अर्धा तास वाचवायचा मोह होतो, आणि तिथेच एक-टप्पा फसतो.

पाचपैकी चार नमुन्यांत तोच जंतू आला. औषधं 12 आठवडे दिली, कारण 2021 च्या फ्रेंच चाचणीत सहा आठवडे कमी पडले होते. जखम कोरडी झाल्यावर रिफाम्पिसिन जोडलं, तेही दुसऱ्या औषधासोबतच. एकटं दिलं तर जंतू त्याला पटकन दाद देईनासा होतो. लघवी नारिंगी होईल हे आधी सांगायला मी विसरलो, रात्री अकराला फोन आला.

आईच्या बाबतीत एक तपासा: टाक्यांच्या रेषेवर बारीक भोक, त्यातून स्राव येतोय का? ते भोक सांध्यापर्यंत जात असेल तर गुणांची बेरीजही लागत नाही, तेवढ्यावरच इन्फेक्शन पक्कं. आणि थंडी वाजून ताप आला, तर दोन आठवडे थांबायचं नाही; त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, तिथे पाणी काढून लगेच औषध सुरू करतील.