यादीतल्या अकरापैकी चार

प्रश्न: मे महिन्याच्या मध्यात एकच दिवस पुण्यात आहोत. मी, बायको, आई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि ८ वर्षांचा मुलगा. मुक्काम शिवाजीनगरला. यादी अशी: शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, सारसबाग, पर्वती, आगाखान पॅलेस, सिंहगड. यातली किती होतील?

चार. एखाददुसरं येता-जाता रस्त्यावरून दिसेल ते वेगळं. सिंहगड मात्र आत्ताच काढून टाका, त्याला स्वतंत्र अर्धा दिवस लागतो आणि तोही मे महिन्यात नको.

चार कुठून आले ते सांगतो, म्हणजे ठिकाणं बदलली तरी हिशोब तुम्हालाच करता येईल.

आधी उन्हाचे तास वजा करा. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस इथे १३ मेच्या आसपासच असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की शनिवारवाड्याची तटबंदी केवढीही उंच असली, तरी त्या वेळी तिच्या पायथ्याशी उभं राहायला सावली नसते. त्यानंतर हवा तापतच जाते, सगळ्यात जास्त तापते ती तीनच्या आसपास. म्हणून साडेबारा ते साडेचार सोडून द्या. सकाळी साडेसातला बाहेर पडलात तर हातात उरले सकाळचे पाच तास आणि संध्याकाळी साडेसातपर्यंतचे तीन. या आठातला दीडेक तास पाणी, नाश्ता, चपला काढणं-घालणं, स्वच्छतागृह शोधणं आणि रिक्षा मिळवणं यात जातो. माणसं चार आहेत आणि त्यांतलं एक आठ वर्षांचं आहे, तेव्हा दीड तास जास्त धरलाय असं समजू नका. खरे बघण्याचे तास साडेसहा.

आता चालणं. नकाशातलं अंतर तरण्या, एकट्या माणसाच्या चालीचं असतं. दगडूशेठ ते शनिवारवाडा अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे, नकाशा आठेक मिनिटं म्हणेल. शिवाजी रस्त्यावरून आईंचा हात धरून जाताना पंधरा धरा. नकाशात न दिसणारं चालणं तर ठिकाणाच्या आतलं असतं. शनिवारवाड्याच्या आवारातली फेरी आणि संग्रहालयाचे जिने यांनीच पाय भरतात, दोन ठिकाणांमधल्या रस्त्याने तेवढे नाही. मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन सोयीचं आहे, पण मार्ग जमिनीखालून आहे. सरकत्या जिन्यांवरून वर यायची दहा मिनिटं त्यातही मोजा.

रांगेचा अंदाज लोक डोळ्यांनी घेतात आणि तिथेच फसतात. रांगेची लांबी काही सांगत नाही, तिचा वेग सांगतो. एखादा खांब धरा, दोन मिनिटांत त्याच्यापुढून किती जण सरकले ते मोजा, मग खांबापासून गाभाऱ्यापर्यंत किती जण आहेत याचा अंदाज घ्या. दोन मिनिटांत २० सरकले आणि पुढे ३०० आहेत, तर अर्धा तास लागणार. अर्धा तास उभं राहणं गुडघ्यांना अर्ध्या तासाच्या चालण्यापेक्षा जड जातं. म्हणून घरूनच ठरवून या की वीस मिनिटांच्या वर रांग असेल तर दगडूशेठला बाहेरूनच दर्शन घ्यायचं. मूर्ती रस्त्यावरूनही छान दिसते, आणि आई त्याला कमी दर्शन मानणार नाहीत अशी आशा करूया. तुमचा दिवस मंगळवार किंवा संकष्टीचा नाही ना, एवढं कॅलेंडरात बघून ठेवा. तसा असेल तर मोजत न बसता बाहेरूनच हात जोडा.

यादी करताना लोक हमखास विसरतात ते लक्ष. बॉस्टनच्या एका कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली यावर लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला वस्तू नीट बघायला लावून त्याचे फोटो काढले, तर तो कधी वाकलेला, कधी उकिडवा बसलेला, कधी मान ताणून उभा. संग्रहालयात माणूस दमतो त्याचं एक कारण हे. केळकर संग्रहालय तर लहान वस्तूंचंच आहे. सुरुवातीला आपण अडकित्त्यांच्या काचेला नाक लावून एकेक बघतो, ही बाई, हा घोडा, हा पक्षी. पाय घासायच्या वज्रीवरही कोणीतरी पक्षी बसवलाय हे बघून बायकोला हाक मारतो. तासाभराने तितक्याच सुंदर दिव्यांपुढून आपण चालत निघून जातो. मुलाने वस्तूंऐवजी पायऱ्या मोजायला घेतल्या, किंवा तुम्ही पाटी न वाचता नुसता फोटो काढलात, की लक्ष संपलं असं समजा आणि बाहेर पडा. राहिलेला मजला बघून काही हाती लागत नाही. वाचत-निरखत बघायचं ठिकाण अर्ध्या दिवसात एकच, आणि घरून निघतानाच त्यातल्या तीन गोष्टी ठरवलेल्या. माझ्या मते अडकित्ते, दिवे आणि मस्तानी महाल.

तर तुमचा दिवस असा. पावणेआठला दगडूशेठ, मग नाश्ता. शनिवारवाडा उघडल्या उघडल्या आत. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, त्यामुळे आत जोती, कारंजं आणि तट आहेत, दालनं नाहीत. हे मुलाला आधीच सांगा, नाहीतर बाजीरावाचा महाल कुठाय म्हणून हट्ट धरेल. पाऊण तास पुरतो. तुम्ही तटावर जाऊन येईपर्यंत आईंना दिल्ली दरवाजाच्या कमानीखाली थांबू द्या, तिथे सावली असते. लाल महाल अगदी जवळ आहे, आताची इमारत नवीन आहे, बाहेरून बघितलीत तरी चालेल. तिथून केळकरला चालत जाऊ नका, रिक्षा करा. अकरा ते सव्वाबारा तिथे, मग जेवण आणि खोलीवर झोप.

साडेचारनंतर सारसबाग किंवा पर्वती, दोन्ही नाही. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत आणि दिवसभर तापलेला दगड संध्याकाळीही गरम लागतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सारसबाग. मुलाला पर्वती दाखवायचीच असेल तर बायको आणि आई तळ्यातल्या गणपतीपाशी बसतील, तुम्ही दोघं सहाला चढून सूर्यास्ताला खाली या.

तुळशीबाग मी मुद्दाम ठेवली नाही. ती प्रेक्षणीय स्थळ म्हणून अर्ध्या तासात उरकते असं ज्याने लिहिलंय, त्याच्यासोबत बायको नसावी. आगाखान पॅलेस आवडता असूनही कापला. अंतर आहेच, पण मुख्य म्हणजे तेही वाचत बघायचं ठिकाण आहे. कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाधीपुढे पाय ओढत पोचण्यात अर्थ नाही. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची असेल तर त्या सकाळी तेवढं एकच करा.